फॉर्म १६ आणि २६एएसचा मेळ बसत नाही? कार्यालयाला पत्र लिहिताना नेमकं काय मागायचं

माझी मामेबहीण चाकणजवळच्या एका खासगी कंपनीत नोकरी करते. मागच्या जूनमध्ये तिने मला तिचा फॉर्म १६ पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "माझ्या पगारातून कापलेले एकोणतीस हजार कुठे गेले?" आकडा तिने स्वतः बेरीज करून काढला होता आणि तो बरोबर होता. कंपनीच्या लेखा विभागाला तिने आधीच दोनदा ईमेल केला होता, "माझा फॉर्म १६ चुकीचा आहे, कृपया दुरुस्त करा." त्यावर उत्तर आलं होतं की फॉर्म १६ सरकारी संकेतस्थळावरूनच उतरवतो, त्यात आम्हाला काही बदलता येत नाही.

उत्तर खोटं नव्हतं. फक्त तिचा प्रश्न चुकीच्या कागदाबद्दल होता. कर कापला गेला, सरकारकडे भरलाही गेला, तरी तुमच्या नावावर दिसत नाही अशा वेळी चूक बहुधा फॉर्म १६ मध्ये जन्मत नाही. ती त्याआधीच्या एका विवरणपत्रात असते, आणि ते विवरणपत्र कर्मचाऱ्याला कधीच दिसत नाही. पत्रात ते विवरणपत्र दुरुस्त करायला सांगावं लागतं.

पगारातून कर कापल्यावर कंपनी तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत चलनाने सरकारकडे भरते. मार्च महिन्यापुरती ही मुदत ३० एप्रिल असते. चलन भरताना मात्र कंपनी फक्त एकूण रक्कम सांगते. शंभर कर्मचाऱ्यांचे मिळून सात लाख असतील तर चलनावर सात लाख एवढंच असतं. त्यातले कोणाचे किती, हे सरकारला कळतं तिमाही विवरणपत्रातून. पगाराच्या बाबतीत त्याचं नाव फॉर्म २४क्यू. त्याच्या पहिल्या जोडपत्रात प्रत्येक कर्मचाऱ्याचा पॅन, त्या तिमाहीत दिलेला पगार आणि कापलेला कर अशी यादी असते. चौथ्या तिमाहीत दुसरं जोडपत्रही जोडतात. त्यात पूर्ण वर्षाचा पगार, वजावटी आणि एकूण कराचा हिशेब असतो.

आता या दोन जोडपत्रांचं पुढे काय होतं ते पाहा. पहिल्या जोडपत्रातल्या नोंदी पॅननुसार ज्याच्या त्याच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर विभागाकडच्या कराच्या खातेउताऱ्यात जाऊन बसतात, आणि त्याच साठ्यातून फॉर्म १६ चा भाग अ तयार होतो. दुसऱ्या जोडपत्रातून भाग ब तयार होतो. म्हणजे भाग अ आणि २६एएस ही एकाच आईची लेकरं आहेत. पहिल्या जोडपत्रात तुमचा पॅन चुकला असेल तर ती रक्कम दोन्हींतून गायब होते आणि भाग ब मात्र पूर्ण दिसतो. त्यामुळे एकच प्रमाणपत्र आपल्याच पोटात दोन वेगळे आकडे घेऊन येतं.

बहिणीच्या कागदांवर नेमकं हेच दिसत होतं. तिचा पगार महिना १,२०,००० रुपये, आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये एकूण १४,४०,०००. नवी करप्रणाली घेतलेली, त्यामुळे ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १३,६५,००० आणि उपकरासह कर १,१७,५२०. दर महिन्याला ९,७९३ रुपये कापले होते, मार्चमध्ये ९,७९७. पहिल्या तीन तिमाहींत प्रत्येकी २९,३७९ आणि चौथीत २९,३८३.

भाग ब मध्ये पगार १४,४०,००० आणि भरावयाचा कर १,१७,५२० असं व्यवस्थित होतं. भाग अ मध्ये तिमाहीवार तक्ता असतो, त्यात पगार १०,८०,००० आणि कर ८८,१४१ एवढाच. तिसऱ्या तिमाहीची, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरची ओळच नव्हती. २६एएसमध्येही तेच. फरक २९,३७९. एका तिमाहीच्या कपातीएवढा, रुपयाचाही मागे-पुढे नाही. फरक असा एखाद्या तिमाहीच्या किंवा महिन्याच्या आकड्याशी तंतोतंत जुळला तर तो कर मोजण्याची चूक नाही, ओळ हरवली आहे, असं समजायला हरकत नाही.

ओळ का हरवली, हे पगारपत्रकांनी सांगितलं. कंपनीने ऑक्टोबरमध्ये पगाराची संगणकप्रणाली बदलली होती. नव्या प्रणालीत माहिती चढवताना तिच्या पॅनमधले दोन आकडे उलटसुलट झाले. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तीनही पगारपत्रकांवर तो चुकीचा पॅन छापलेला होता. जानेवारीत कोणीतरी तो सुधारला, म्हणून चौथी तिमाही बरोबर गेली. पण तिसऱ्या तिमाहीचं विवरणपत्र त्याच चुकीच्या पॅनने दाखल झालं होतं आणि ते सुधारायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्याकडे अशी शंका असेल तर सगळ्यात आधी पगारपत्रकावरचा पॅन अक्षर-अक्षर लावून वाचा. मी तरी आता तिथूनच सुरुवात करतो.

पत्र लिहिण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. पहिली, तुम्ही २६एएस फार लवकर तर पाहत नाही ना. चौथ्या तिमाहीचं विवरणपत्र भरायची मुदत ३१ मे असते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये जानेवारी ते मार्चचा कर न दिसणं ही चूक नव्हे. फॉर्म १६ द्यायची मुदत १५ जून आहे. ताळमेळ त्यानंतर घालावा. २६एएस पाहण्यासाठी incometax.gov.in वर प्रवेश केल्यावर `e-File`, मग `Income Tax Returns` आणि त्यात `View Form 26AS` असं जायचं. पुढे ट्रेसेस हे करकपातीच्या नोंदी ठेवणारं आयकर विभागाचं संकेतस्थळ उघडतं.

दुसरी खात्री त्या कागदावरच्या एका अक्षराची. प्रत्येक नोंदीपुढे `Status of Booking` नावाचा रकाना असतो. तिथे `F` असेल तर नोंद पक्की झाली. `U` असेल तर विवरणपत्रात तुमचं नाव आणि रक्कम आहे, पण तिला जुळणारं चलन सापडलेलं नाही. चलनाचा क्रमांक, तारीख किंवा बँक शाखेचा बीएसआर कोड चुकल्याने असं होतं, किंवा पैसे भरलेच नसल्याने. ओळच नसेल तर संशय पॅनवर किंवा नाव राहून गेल्यावर. ही निदानं वेगळी आहेत आणि कंपनीला करायची दुरुस्तीही वेगळी आहे, म्हणून पत्रात "मेळ बसत नाही" एवढंच लिहून भागत नाही. कोणती ओळ नाही किंवा कोणत्या ओळीपुढे `U` आहे, हे लिहावं लागतं.

राज्य सरकारच्या कोषागारातून ज्यांचा पगार निघतो त्यांच्या बाबतीत चलनाऐवजी पुस्तकी नोंद असते. तिचा बिन क्रमांक कार्यालयाने २४क्यूमध्ये बरोबर टाकावा लागतो. तो चुकला तरी `U` च येतो. तिथे पत्र आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या नावे द्यावं.

आता पत्र. ते कोणाला लिहायचं हे फॉर्म १६ च सांगतो. शेवटी ज्यांची सही आणि पद आहे, त्या व्यक्तीच्या नावे लिहावं. मनुष्यबळ विभागाला फक्त प्रत द्यावी, कारण दुरुस्ती करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. ईमेल पाठवावाच, पण छापील प्रतही आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. पुढे आयकर विभागाला उत्तर द्यायची वेळ आली तर ही पोच कामी येते. बहिणीसाठी आम्ही लिहिलेलं पत्र हे असं, ओळख पटेल असे तपशील काढून:

> प्रति,
> लेखा व्यवस्थापक (फॉर्म १६ वर सही करणारे अधिकारी),
> कंपनीचं नाव, पत्ता, कर कापणाऱ्याचा टॅन क्रमांक
>
> विषय : आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या तिसऱ्या तिमाहीच्या फॉर्म २४क्यूमध्ये माझ्या पॅनची दुरुस्ती करून सुधारित फॉर्म १६ मिळण्याबाबत.
>
> महोदय,
>
> माझा कर्मचारी क्रमांक … असून माझा बरोबर पॅन … आहे. पॅन कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.
>
> ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२४ या तीन महिन्यांत माझ्या पगारातून दरमहा ९,७९३ रुपये, एकूण २९,३७९ रुपये आयकर कापण्यात आला आहे. ही कपात तीनही पगारपत्रकांवर आहे. परंतु आपण दिलेल्या फॉर्म १६ (प्रमाणपत्र क्रमांक …) च्या भाग अ मध्ये तिसऱ्या तिमाहीची नोंद नाही, तसेच माझ्या फॉर्म २६एएसमध्येही ती दिसत नाही. भाग अ मध्ये एकूण कर ८८,१४१ रुपये आहे, तर भाग ब नुसार कर १,१७,५२० रुपये आहे. फरक नेमका २९,३७९ रुपयांचा आहे.
>
> वरील तीन महिन्यांच्या पगारपत्रकांवर माझा पॅन … असा चुकीचा छापला गेला आहे. तिसऱ्या तिमाहीच्या विवरणपत्रातही हाच पॅन गेला असावा, असे दिसते. कृपया त्या तिमाहीचा जस्टिफिकेशन रिपोर्ट तपासावा. पॅन अवैध ठरल्यामुळे कलम २०६एए अन्वये कमी कपातीची मागणी कंपनीवर निघाली असण्याची शक्यता आहे.
>
> विनंती अशी की,
> (१) तिसऱ्या तिमाहीच्या फॉर्म २४क्यूचे दुरुस्ती विवरणपत्र दाखल करून माझा पॅन सुधारावा,
> (२) दुरुस्ती दाखल केल्याचा टोकन क्रमांक व तारीख मला कळवावी,
> (३) दुरुस्तीवर प्रक्रिया झाल्यानंतर ट्रेसेसवरून नव्याने उतरवलेला फॉर्म १६ द्यावा.
>
> माझे आयकर विवरणपत्र मुदतीत भरायचे असल्याने ही दुरुस्ती … तारखेपर्यंत व्हावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, दिनांक)
>
> सोबत : पॅन कार्डाची प्रत, तीन महिन्यांची पगारपत्रके, फॉर्म १६, फॉर्म २६एएसमधील कंपनीच्या नोंदींचे पान.

या पत्रातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा आहेत. मागण्यांचा क्रम उलटा करू नये. आधी विवरणपत्राची दुरुस्ती, मग नवा फॉर्म १६. क्रम उलटला की काही कार्यालयं आपल्याच संगणकावर बरोबर आकड्यांचं प्रमाणपत्र टंकून, सही-शिक्का मारून देतात. हातात कागद बरोबर, २६एएस जसं होतं तसंच. आयकर विभाग तो कागद पाहत नाही. बंगळुरूच्या प्रक्रिया केंद्रातला संगणक आपल्या साठ्यातली नोंद पाहतो. म्हणून पत्रात "ट्रेसेसवरून नव्याने उतरवलेला" हे शब्द हवेत.

टोकन क्रमांक मागण्याचं कारणही तेवढंच व्यवहारी आहे. "करून टाकतो" हे उत्तर पुष्कळदा मनापासून दिलेलं असतं आणि तरी काम राहून जातं. दुरुस्ती दाखल झाली की क्रमांक मिळतोच, त्यामुळे तो मागितल्यावर काम झालं की नाही याला दुसरा अर्थ उरत नाही.

आणि २०६एएचं वाक्य. मला पत्रातला सगळ्यात उपयोगी भाग तो वाटतो. पॅन अस्तित्वातच नसलेला निघाला तर कायदा असं धरतो की कर्मचाऱ्याने पॅन दिलाच नाही, आणि मग किमान २० टक्के कर कापायला हवा होता. तीन महिन्यांचा पगार ३,६०,०००, त्याचे २० टक्के ७२,०००. कापले २९,३७९. उरलेल्या ४२,६२१ रुपयांची मागणी व्याजासह कंपनीच्या टॅनवर निघते. पॅन सुधारला की ती आधारच गमावते. म्हणजे ही दुरुस्ती कंपनीच्याही पैशांचा प्रश्न असते, फक्त लेखा विभागाने त्या मागणीची नोटीस किंवा तिचा तपशील देणारा जस्टिफिकेशन रिपोर्ट उघडून पाहिलेला नसतो. बहिणीच्या पत्राला तिसऱ्या दिवशी फोन आला तो याच वाक्यामुळे. चुकीचा पॅन योगायोगाने दुसऱ्या कोणाचा खरा पॅन असेल तर अशी मागणी निघत नाही. तुमचा कर त्या अनोळखी माणसाच्या २६एएसमध्ये जाऊन बसतो. दुरुस्ती तेव्हाही कंपनीलाच करावी लागते.

सोबत जोडायच्या कागदांबद्दल एक सावधगिरी. २६एएसमध्ये तुमच्या बँकेच्या ठेवींवर कापलेला कर, दुसऱ्या ठिकाणचं उत्पन्न असं सगळंच असतं. कंपनीला फक्त तिच्या स्वतःच्या नोंदींचं पान द्यावं. आणि "तुमचा पासवर्ड द्या, आम्हीच बघतो" असं कोणी म्हटलं तर देऊ नये. दुरुस्ती कंपनीच्या टॅनच्या खात्यातून होते, तुमच्या खात्यातून काहीच होत नाही. वार्षिक माहिती पत्रकात अभिप्राय नोंदवण्याची सोय असते, पण तिने हा हरवलेला कर तुमच्या २६एएसमध्ये येत नाही.

दुरुस्तीला वेळ लागला आणि तुमच्या स्वतःच्या आयकर विवरणपत्राची मुदत तोंडावर आली तर काय करायचं, यावर लोक सगळ्यात जास्त चुकतात. २६एएसमध्ये १०,८०,००० पगार दिसतो म्हणून तेवढाच पगार दाखवायचा, हे साफ चूक आहे. पगार मिळाला आहे १४,४०,००० आणि तोच दाखवायला हवा. मग कराचं श्रेयही पूर्ण १,१७,५२० मागावं, कारण तो खरोखर कापला गेला आहे. श्रेय मागितलं नाही तर फरकाचे २९,३७९ रुपये खिशातून पुन्हा भरावे लागतील. मागितलं तर विवरणपत्रावर प्रक्रिया होताना संगणक फक्त ८८,१४१ मान्य करील आणि उरलेल्या रकमेची मागणी काढील, वर दरमहा एक टक्का व्याज, म्हणजे सुमारे २९३ रुपये महिना. ही सूचना आली की घाबरून पैसे भरू नयेत. संकेतस्थळावर त्या मागणीशी असहमती नोंदवावी, कर कापल्याचा पुरावा म्हणून पगारपत्रकं आणि कंपनीला दिलेल्या पत्राची पोच सांभाळावी, आणि कंपनीची दुरुस्ती २६एएसमध्ये उतरली की कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा. तो ऑनलाइन होतो. त्यानंतर विवरणपत्र नव्याने तपासलं जातं आणि मागणी व्याजासह निघून जाते.

कंपनीने कापलेला कर भरलेलाच नसेल तर प्रकरण वेगळ्या वळणावर जातं. तेव्हा पॅनदुरुस्तीचं पत्र उपयोगाचं नाही. आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं की पगारातून कर कापला गेला असेल तर तेवढा कर कर्मचाऱ्याकडून थेट मागता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ च्या पत्राने आपल्या अधिकाऱ्यांना हेच बजावलं होतं. पण हे संरक्षण आपोआप लागू होत नाही. कर कापल्याचा पुरावा दाखवून ते मागावं लागतं. म्हणून पगारपत्रकं आणि पगार जमा झाल्याचा बँकेचा उतारा हे दोन कागद कधीही टाकू नयेत.

नोकरी सोडलेल्यांनी हे काम मागे टाकू नये. जुन्या विवरणपत्रांच्या दुरुस्तीला पूर्वी मुदतच नव्हती. मग सहा वर्षांची मर्यादा आली, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात ती दोन वर्षांवर आणली आहे. नव्या कायद्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांकही बदलले आहेत. त्यामुळे एप्रिल २०२६ पासूनच्या पगाराबद्दल पत्र लिहिताना क्रमांक त्या वर्षाच्या प्रमाणपत्रावर असतील तेच लिहावेत. पत्राची मांडणी तीच राहते : कोणती तिमाही, किती रक्कम, कोणता पॅन, आणि आधी काय दुरुस्त करायचं.

बहिणीच्या कंपनीने दुरुस्ती दाखल करून टोकन क्रमांक कळवला. त्यानंतरही तिने लगेच नवा फॉर्म १६ घेतला नाही. ती आधी रोज २६एएस उघडून पाहत राहिली. तिथे ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या तीन ओळी प्रत्येकी ९,७९३ रुपयांच्या आणि पुढे `F` अशा दिसल्यावरच तिने नवीन प्रमाणपत्र मागितलं. त्याच्या भाग अ मध्ये आता चार तिमाही होत्या आणि खाली बेरीज १,१७,५२०.